‘बायल्या’ म्हणून छळलं जाणारं मूल: वर्गशिक्षक आणि मित्रांनी नेमकं काय करायचं

हा लेख मुख्यतः पाचवी ते दहावीच्या वर्गशिक्षकांसाठी आहे, आणि त्या वर्गातल्या मुलांसाठीही. मी एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाणार आहे. ते एका मुलाचं नाही, अनेक शाळांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून तयार केलं आहे. मुलाला आपण ओम म्हणू. सातवीत आहे, मराठी माध्यम, तालुक्याचं गाव. आवाज बारीक, बोलताना हात फिरतात, लंगडीत मुलींच्या बाजूने खेळायला आवडतं, गॅदरिंगच्या नाचात पुढे. पाचवीपर्यंत कुणाला याचं काही वाटत नव्हतं. सहावीच्या मध्यावर मुलांचे आवाज फुटायला लागले, ‘पुरुषासारखं’ दिसण्याची चढाओढ सुरू झाली आणि ओमला ‘बायल्या’, ‘छक्का’, ‘मीठा’ ही नावं पडली. आता तो येताना दिसला की मागून टाळी वाजते.

ओम पुढे मोठा होऊन कोण असेल हे आज कुणालाच माहीत नाही. तो ट्रान्सजेंडर असेल, समलिंगी असेल, किंवा यातलं काहीच नसेल, बारीक आवाजाचा एक साधा गृहस्थ असेल. शिक्षकाला ते ठरवायची गरज नाही. त्रास थांबवायला ओमची ओळख कळावी लागत नाही, त्रास कुठे आणि कधी होतो ते कळावं लागतं. ‘पण तो खरंच तसा आहे का?’ या प्रश्नात शिक्षक अडकले की महिने निघून जातात आणि मुतारीजवळचा छळ तसाच चालू राहतो.

आधी हजेरीपट आणि वेळापत्रक शेजारी ठेवा

ओम स्वतःहून सांगायला येणार नाही. तमिळनाडूत युनेस्कोच्या सहकार्याने झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा सुमारे चारशे तरुणांशी त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल बोलणं झालं. माध्यमिक शाळेत असताना शारीरिक त्रास झाला असं सांगणारे ६० टक्के होते, शाळेत तक्रार केलेले फक्त १८ टक्के. तक्रार करून उपयोग होणार नाही किंवा उलट आपलंच नाव निघेल अशी भीती मुलांना असू शकते. म्हणून तक्रारीची वाट पाहू नका.

गेल्या दोन महिन्यांची हजेरी काढा. ओमचे खाडे कोणत्या वारी पडतात ते पाहा. ते बहुतेक पीटीच्या तासाच्या किंवा कवायतीच्या दिवशी पडत असतील तर उत्तर तिथेच आहे. मधल्या सुट्टीत तो कुठे असतो ते चार-पाच दिवस नुसतं बघा. वर्गातच बसून राहतो का, वाचनालयाच्या दाराशी उभा राहतो का, शिक्षकांच्या खोलीजवळ घुटमळतो का. पाण्याची बाटली भरलेली घरी परत जाते का हे त्याच्या आईला सहज विचारता येतं. मुलांच्या मुतारीत जायचं टाळणारी मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि शाळा सुटल्यावर घराकडे धावत सुटतात. बटणं तुटलेली, डब्यात माती, वहीवर चितारलेलं नाव ही चिन्हं उशिरा दिसतात. हजेरी आणि पाणी आधी बोलतं.

मुलींच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं असतं. केस बारीक कापणारी, मुलांच्यात क्रिकेट खेळणारी मुलगी नववीपर्यंत बऱ्याचदा कौतुकाची असते. मग अचानक ‘आता शोभत नाही’ सुरू होतं, आणि त्यात शिक्षिका आणि घरचे जास्त असतात, वर्गमैत्रिणी नंतर येतात. वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत राहणाऱ्या अशा मुलीवर विशेष लक्ष ठेवा. दिवसभराचा त्रास तिच्यासाठी रात्रीही संपत नाही.

ओमशी पहिलं बोलणं

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलावू नका, आणि बंद दारामागे एकट्यालाही नको. व्हरांड्याच्या टोकाला, मैदानाच्या कडेला, जिथे लोक दिसतात पण ऐकू जात नाही अशी जागा निवडा. काहीतरी काम दिलं की बोलणं सोपं होतं. वह्या मोजता मोजता मुलं सांगतात.

सुरुवात तुमच्या निरीक्षणाने करा: “ओम, मी पाहिलं की गुरुवारी तू बऱ्याचदा येत नाहीस. पीटीच्या तासाला काही होतं का?” ‘तुला कोण चिडवतं?’ असं थेट विचारलं की तो ‘कुणी नाही’ म्हणेल. जागेबद्दल विचारा. “शाळेत तुला कुठे जायला नको वाटतं?” याचं उत्तर मुलं देतात, कारण त्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

“तू असा का वागतोस?”, “तुला मुली आवडतात की मुलं?”, “तूच जरा सांभाळून चाललास तर?” हे प्रश्न विचारायचे नाहीत. शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही तोच करतो. त्रास तुझ्या चालण्यामुळे होतो, असं शाळेनेच त्याला सांगितल्यासारखं होतं. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येत नाही.

‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते कदाचित पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणा, “कुणाला काय सांगायचं ते मी आधी तुला विचारीन. तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, किंवा कुणी तुझ्या अंगाला हात लावला असेल, तर मात्र मला सांगावंच लागेल.” मुलांना ही अट समजते.

जगणं नको वाटतं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं, असा शब्द निघाला तर तिथेच थांबा आणि सरळ विचारा: “तुला मरावंसं वाटतं का?” असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट तो बोलू शकतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी घरच्या विश्वासू माणसाला बोलवायचं. ‘टेलि-मानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही.

नोंद ठेवा, पण शब्द जसाच्या तसा

एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, कोण नुसतं बघत होतं, आणि काय म्हटलं गेलं. ‘अपशब्द वापरले’ असं लिहू नका. “मंगळवार, मधली सुट्टी, पाण्याच्या टाकीजवळ, तिघांनी वाट अडवली, ‘छक्क्या, टाळी वाजव मग सोडतो’ म्हणाले, पाच-सहा जण हसत होते” असं लिहा. ही वही कुलपात ठेवा. दोन आठवड्यांनी ती उघडलीत की एक नकाशा दिसतो. ओमच्या बाबतीत समजा नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या पाच मुतारी आणि तिच्या शेजारच्या पाण्याच्या टाकीजवळच्या, दोन पीटीत संघ निवडतानाच्या, एक शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरची, एक वर्गात. म्हणजे सगळी शाळा ओमच्या विरोधात नाही. चार जागा, चार वेळा आणि साधारण तीन मुलं. हे हाताळता येतं.

जागा आणि वेळ बदला

मुतारीपासून सुरुवात करा. मधल्या सुट्टीच्या पहिल्या सात-आठ मिनिटांत तिथे गर्दी असते, त्या वेळेत एका शिक्षकाने दहा पावलांवर उभं राहायचं. आत जायचं नाही, नुसतं दिसत राहायचं. शिक्षकांनी वार वाटून घ्यावेत. शिपाईमामांवर ही जबाबदारी टाकू नका, मुलं त्यांना जुमानत नाहीत. दुसरी सोय म्हणजे ओमला तास सुरू असताना पाच मिनिटं आधी जायची मुभा, किंवा शिक्षकांचं शौचालय वापरू देणं. ही सोय गाजावाजा न करता द्या, आणि त्यालाच विचारून. काही मुलांना ती हवी असते, काहींना त्यामुळे आपण आणखी वेगळे पडलो असं वाटतं. ज्याला हवी त्याला मिळावी.

पीटीत दोन कप्तानांनी आळीपाळीने गडी निवडायची पद्धत बंद करा. त्यात ओम शेवटी उरतो आणि ‘हा तुम्ही घ्या, आम्हाला नको’ हा खेळ दर आठवड्याला सरांसमोर होतो. एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडा. परिपाठाच्या रांगा मुलगे आणि मुली अशा वेगळ्या लावण्याऐवजी हजेरी क्रमांकाने लावता येतात. गॅदरिंगच्या नाचात कुणाला काय पोशाख हवा ते आधी विचारा. हे बदल सगळ्या वर्गासाठी होतात, म्हणून ओमकडे बोट जात नाही आणि पालकांचीही हरकत येत नाही.

एक चुकीचा उपाय मात्र सर्रास होतो: ओमची तुकडी बदलणं. त्रास देणारे तिथेच राहतात, ओमच्या दोन-तीन मैत्रिणी मात्र सुटतात. हलवायचंच असेल तर त्रास देणाऱ्याला हलवा.

वर्गात तो शब्द ऐकू आला की

दहा सेकंदांत काम संपवायचं. फळ्याकडून वळा, आवाज न चढवता म्हणा: “हा शब्द या वर्गात कुणालाही वापरायचा नाही. तास संपल्यावर मला भेट.” आणि पुढचं वाक्य शिकवा. लांब भाषण दिलं की वर्गाला करमणूक मिळते आणि ओम पंचवीस मिनिटं सगळ्यांच्या नजरेखाली राहतो.

‘तो काही तसा नाहीये’ असं म्हणून ओमची बाजू घेऊ नका. हेतू चांगला असला तरी त्यातून ‘तसा असता तर चिडवणं ठीक होतं’ असं ऐकू येतं. बंदी त्या वागण्यावर आहे, ओम कसा आहे यावर ती अवलंबून नाही.

आणि शिक्षकांनी आधी आपलं बोलणं तपासायला हवं. ‘रडतोस काय बायकांसारखा’, ‘बांगड्या भर’, रडणाऱ्या मुलाला मुलींच्या बाकावर बसवण्याची शिक्षा, गृहपाठ न केलेल्याला ‘साडी नेसवू का?’ अशा गोष्टी आपल्या शाळांत अजून घडतात. वर्गातली मुलं छळण्याची परवानगी इथून घेतात. पीटीच्या सरांनी एकदा ओमच्या धावण्याची नक्कल केली की पुढचं वर्ष मुलं ती करत राहतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळही निषिद्ध आहे. सहकारी शिक्षकच असं बोलत असेल तर आधी एकट्याला गाठून सांगा, नाही ऐकलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या.

त्रास देणाऱ्यांशी बोलणं

तिघांना एकत्र बोलावू नका. एकत्र आले की ते एकमेकांसमोर तोरा दाखवतात. एकेकाला, एकाच तासात, पाठोपाठ बोलवा, म्हणजे गोष्ट जुळवायला वेळ मिळत नाही. वही समोर ठेवा. “मंगळवारी टाकीजवळ काय झालं ते मला माहीत आहे. तू काय केलंस ते सांग.” बहुतेक जण म्हणतात, ‘सर, गंमत करत होतो.’ यावर वाद घालू नका. “ओम हसत होता का?” एवढं विचारा. मग नेमकी अट सांगा: उद्यापासून टाकीजवळ त्याची वाट अडवायची नाही, टाळी नाही, ते नाव नाही. शुक्रवारी मी तुला परत भेटणार. आणि शुक्रवारी खरोखर भेटा. तो दुसरा दिवस चुकला तर पहिलं बोलणं वाया जातं.

ओमला आणि त्या तिघांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा, आता मित्र व्हा’ असं कधीही करू नका. दोन सारख्या मुलांच्या भांडणात ते चालतं. इथे एका बाजूला तिघे आणि त्यांच्यामागे हसणारा वर्ग आहे. ओम हात मिळवेल, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो, आणि दुपारी ‘सांगितलंस काय’ म्हणून हिशोब चुकता होईल.

त्रास देणाऱ्यांपैकी एखादा स्वतःच घाबरलेला असतो. आपल्याकडे बोट वळू नये म्हणून तो सगळ्यात मोठ्याने टाळी वाजवतो. त्याला एकट्याला वेळ दिला तर तो लवकर बाजूला होतो.

मित्र-मैत्रिणींसाठी

आता हा भाग मुलांनी वाचावा, कारण मोठ्यांपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. कॅनडात टोरांटोमधल्या शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी कॅमेरे आणि छोटे माइक लावून मुलांचं वागणं टिपलं आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. छळाच्या दहातल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला होती. त्यांनी मध्ये पडायचं धाडस पाचातल्या एकाच प्रसंगात केलं. पण जेव्हा केलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. टाळी वाजवणाऱ्याला बघे लागतात. बघे हलले की टाळी पोकळ होते.

मध्ये पडणं म्हणजे मारामारी नव्हे. तिघांशी भांडायला जाऊ नका. सरळ ओमकडे चालत जा आणि त्याच्याशीच बोला: “ओम, चल, बाईंनी बोलावलंय,” किंवा “माझा डबा राहिलाय, चल.” त्याचा हात धरून निघा. त्रास देणाऱ्याकडे बघायचंही नाही. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर दोघं मिळून जा. तेही जमलं नाही तर निदान हसू नका आणि तिथून निघून एखाद्या शिक्षकाला आणा. हे चुगली करणं नाही. चुगली एखाद्याला अडकवण्यासाठी असते, हे कुणाला सोडवण्यासाठी आहे.

रोजची काळजी याहून साधी आहे. मुतारीकडे ओमबरोबर जा. बसस्टॉपपर्यंत, निदान पहिल्या वळणापर्यंत, सोबत चाला. प्रकल्पाचा गट करताना त्याला आधी विचारा. तुम्ही मुलगा असाल तर तुमचं असं करणं विशेष मोलाचं आहे, कारण मुलींशी मैत्री त्याला आधीच आहे आणि त्यावरूनच चिडवलं जातं. ‘तू पण तसलाच का?’ असं तुम्हाला म्हणतील. “तो माझा मित्र आहे” एवढं उत्तर पुरे. ओमने तुम्हाला स्वतःबद्दल काही सांगितलं असेल तर ते तुमच्याकडेच राहू द्या, जिवलग मैत्रिणीलाही सांगू नका.

व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमध्ये ओमचा नाचतानाचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका, हसणारा चेहरा टाकू नका. “काढ हा व्हिडिओ” असं एकाने लिहिलं की दुसऱ्याला लिहायला सोपं जातं. स्क्रीनशॉट घेऊन विश्वासू शिक्षकाला दाखवा. फक्त एक सांभाळा: अंगावर कपडे नसलेला फोटो असेल तर तो साठवायचाही नाही आणि पुढे पाठवायचाही नाही, कारण तो गुन्हा आहे. मोठ्या माणसाला लगेच जाऊन सांगा.

घरी किती सांगायचं

इथे शिक्षक घाईत मोठी चूक करतात. ‘तुमचा मुलगा बायकी वागतो म्हणून मुलं त्रास देतात’ असं वडिलांना सांगितलं की संध्याकाळी ओमला मार बसतो. नाच बंद होतो, कुणीतरी एखाद्या भोंदूबाबाकडे किंवा ‘बरा करणाऱ्या’ डॉक्टरकडे नेतं. ओमला आधी विचारा: घरी कुणाला सांगितलं तर चालेल? आई, आजी, मामा? मग त्या माणसाला फक्त घटना सांगा. “ओमला तीन मुलं मधल्या सुट्टीत अडवतात. शाळा हे थांबवते आहे. तुम्ही त्याच्या पाठीशी राहा.” तो कसा वागतो यावर एक शब्दही नको. पालकांनीच विषय काढला तर सांगा की यात बरं करण्यासारखं काही नाही. असा ‘उपचार’ करणाऱ्या डॉक्टरचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. ज्यांना बोलायला माणूस हवं आहे त्यांच्यासाठी मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था अनेक वर्षं काम करत आली आहे.

जिथे शाळेची हद्द संपते

मुतारीत ‘बघू तरी काय आहे’ म्हणून पँट ओढणं, गुप्तांगाला हात लावणं, तसं करायला भाग पाडणं: ही मस्करी नाही. पोक्सो कायदा, २०१२ मुलग्यांनाही तितकाच लागू होतो. लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. करणारेही मुलंच असतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. हेतू काय होता हे ठरवणं मुख्याध्यापकांचं काम नाही. शाळेतच मिटवू, नाव खराब होईल, असं म्हणायची मुभा इथे नाही. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर मूल स्वतः किंवा कुणीही फोन करू शकतं.

शाळा ऐकतच नसेल तर लेखी तक्रार मुख्याध्यापकांना, तिची पोच घेऊन, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना. महाराष्ट्रात शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समिती असते. नाव मुलींचं वाटलं तरी ओमची गोष्ट तिच्यापुढे मांडा. मूल स्वतःला ट्रान्सजेंडर म्हणत असेल तर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १३ उपयोगी पडतं. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेने शिक्षणात आणि खेळात भेदभाव करायचा नाही, असं ते सांगतं.

फरक पडला का, हे कसं ओळखायचं

दोन आठवड्यांनी आणि मग सहा आठवड्यांनी पुन्हा हजेरी काढा. गुरुवारचे खाडे कमी झाले का? ओम मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडतो का? बाटली रिकामी होते का? ‘आता बरं आहे’ या त्याच्या उत्तरावर एकट्यावर विसंबू नका. तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही मुलं तसं म्हणतात. वहीतल्या नोंदी थांबल्या आणि खाडे मात्र तसेच राहिले, तर त्रास फाटकाबाहेर किंवा फोनवर सरकला आहे असं समजा, आणि तिथून पुन्हा सुरुवात करा.

जूनमध्ये वर्ग बदलतो, वर्गशिक्षक बदलतात, आणि जुने तिघे नव्या बाकावर पुन्हा एकत्र येतात. म्हणून एप्रिल संपण्याआधी ओमला विचारून नव्या वर्गशिक्षकांशी अर्धा तास बोला. त्यांना जागा, वेळा, कुणाला शेजारी बसवायचं नाही, कोण त्याच्यासोबत चालतं, एवढं द्या. मुतारीजवळ उभं राहायच्या शिक्षकांचे वार नव्या वेळापत्रकात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.